सर्दी आणि ‘सी’ची गोळी

“नाशिकची थंडी सुरू झाली. रोज व्हिटॅमिन सीची 500ची गोळी चघळा, सर्दी होणारच नाही.”

हा दावा तपासायला रोज गोळी घेणारे आणि तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी घेणारे अशा दोन गटांची तुलना अनेकदा झाली आहे. सर्वसाधारण माणसांत सर्दी होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. फरक पडला तो मुक्कामात: सर्दी नसतानाही रोज घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे 8 टक्के लवकर आटपली. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. नाक वाहू लागल्यावर गोळी सुरू केली, तर तेवढाही भरवशाचा फायदा दिसत नाही. मग “मला गुण आला” असं का वाटतं? साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपणच जाते, आणि आपण गोळी घेतो ती बहुधा त्रास शिगेला असताना. मॅरेथॉनच्या सरावासारखे कमालीचे शारीरिक कष्ट उपसणाऱ्यांत मात्र रोजच्या गोळीने सर्दी होण्याचं प्रमाण खरोखर कमी झालेलं आढळलं.

गोळीच्या पाकिटावरचा मिलिग्रामचा आकडा वाचा. प्रौढाची रोजची गरज 65 ते 80 मिलिग्राम. एक मध्यम पेरू ती भागवतो. (आपली द्राक्षं इथे फारशी कामाची नाहीत!) जास्तीचं लघवीवाटे जातं. रोज 2000च्या वर गेलात तर जुलाब होऊ शकतात. मुतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठा डोस घेऊ नये.