गळका फ्लश टँक आणि पेन्सिलीची रेघ

रात्री घर शांत झालं की आमच्या बाथरूममधून सूंऽऽ असा आवाज यायचा. काही सेकंद टिकायचा आणि थांबायचा. कुणी फ्लश केलेला नसायचा. एका रात्री झोप नव्हतीच, म्हणून घड्याळ लावून बसलो. दर सव्वा तासाने आवाज येत होता, जवळजवळ ठरल्या वेळी.

टँक बसवून १४ महिने झाले होते. वॉरंटी कार्डावर सिरॅमिकच्या भांड्याला एक मुदत होती आणि आतल्या फिटिंगला दुसरी, त्याहून बरीच कमी. फिटिंगची मुदत २ वर्षं होती, म्हणजे आम्ही मुदतीत होतो. (हा फरक आधीच पाहून ठेवावा. गळती बहुतेक वेळा फिटिंगमध्येच असते आणि कार्डावर ठळक छापलेली मोठी मुदत मात्र भांड्याची असते.) विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर तयार होतं: “पाणी जड असेल, वॉशर बदलून घ्या.” मी एक पत्र लिहायला घेतलं. “टँक गळतो, कृपया लक्ष घालावे” एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की यालाही उत्तर तेच येणार.

टँक गळतो म्हणजे नेमकं कुठून गळतो, ते सांगता आलं पाहिजे. पाणी टँकमधून निसटायच्या वाटा मोजक्याच असतात. फ्लोट वर येऊनही भरणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल, तर पाणी चढत जातं आणि मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून गुपचूप कमोडमध्ये उतरतं. तळाशी फ्लश व्हॉल्व्हचा रबरी वॉशर आपल्या बैठकीवर नीट बसत नसेल, तरी पाणी कमोडमध्येच जातं. भांड्याला तडा असेल किंवा खालचं पॅकिंग ढिलं असेल, तर पाणी बाहेर फरशीवर येतं. या तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि वॉरंटीत कोण बसतं तेही वेगळं.

आमची फरशी कोरडी होती. टँकच्या पाण्यात खाण्याचा रंग थोडासा टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. कमोडमध्ये लाल रेघ उतरलेली दिसली, म्हणजे गळती आतलीच होती. दमट हवेत गार पाण्याच्या टँकला बाहेरून घाम येतो आणि तो गळतीसारखाच दिसतो. तिथेही हा रंग उपयोगी पडतो, कारण घामाला रंग येत नाही.

पुढचा प्रश्न ओव्हरफ्लो की वॉशर, हा होता. टँक पूर्ण भरू दिला, अँगल कॉक बंद केला आणि पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला पेन्सिलीने रेघ मारली. दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा असता, तर पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी असती आणि कॉक बंद केल्यावर तिथेच थांबली असती. आमचं पाणी नळीच्या तोंडाखाली अडीच सेंटीमीटरवर होतं आणि तिथूनही उतरत होतं. पहिल्या तासात ते १२ मिलीमीटर उतरलं.

टँकची आतली लांबी ३६ सेंटीमीटर, रुंदी १४. म्हणजे पातळी १ मिलीमीटर उतरली की साधारण ५० मिलीलिटर पाणी गेलं. १२ मिलीमीटरचे ६०० मिलीलिटर, आणि टँक सतत भरलेला राहिला तर दिवसाचे १४ लिटर. रात्रीच्या आवाजाचंही कोडं सुटलं. आमचा फ्लोट साधारण १५ मिलीमीटर खाली आला की व्हॉल्व्ह उघडतो. तासाला १२ या गतीने १५ मिलीमीटर उतरायला ७५ मिनिटं लागतात, म्हणजे तोच सव्वा तास.

कॉक रात्रभर बंदच ठेवला. एकूण ८ तासांनी मोजलं, तर पातळी ८४ मिलीमीटर उतरली होती. ताशी १२ धरले तर ९६ व्हायला हवे होते. मोजण्यात चूक झाली असं आधी वाटलं, पण चूक नव्हती. शेवटच्या तासात पाणी फक्त ९ मिलीमीटर उतरलं होतं.

भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं, ते त्या भोकावर किती उंच पाणी उभं आहे यावर ठरतं. हे सतराव्या शतकात टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: v = √(2gh). आमच्या टँकमध्ये वॉशरच्या बैठकीपासून भरलेल्या पातळीपर्यंत २० सेंटीमीटर पाणी होतं. सूत्रात घातलं की वेग येतो सेकंदाला सुमारे २ मीटर. पाणी उतरत जाईल तसा वेग कमी होत जातो. हा हिशोब ८ तास चालवला तर उतार जवळजवळ ८४ मिलीमीटरच येतो आणि शेवटच्या तासाचा ९. म्हणजे भोक तळाशी होतं, बरोबर वॉशरच्या पातळीवर. ते भिंतीच्या मध्यावर असतं, तर पाणी तिथवर उतरून थांबलं असतं. पाणी ज्या उंचीवर थांबतं, ती भोकाची उंची असते. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं निदान होतं.

भोक केवढं होतं, तेही याच आकड्यांतून निघतं. ताशी ६०० मिलीलिटर आणि २ मीटरचा वेग, यांवरून भोक गोल धरलं तर त्याचा व्यास ०.३ मिलीमीटरच्या आसपास येतो. शिवणाच्या जाडसर दोऱ्याएवढं. म्हणूनच वरून पाहून काही दिसत नव्हतं.

वॉशर बंद राहतो तो पाण्याच्याच वजनाने. ६ सेंटीमीटर व्यासाच्या वॉशरवर २० सेंटीमीटर पाणी उभं असेल, तर त्यावर अर्ध्या किलोहून थोडा जास्त भार येतो. त्या भाराने मऊ रबर बैठकीवर दाबलं जातं आणि बारीकसारीक उंचवटे पोटात घेतं. रबर नवीन असेपर्यंत. पण रबर महिनोन्महिने एकाच जागी दाबलेलं राहिलं, की त्यातला थोडा आकार कायमचा बसून जातो आणि तेवढी लवचिकता जाते.

फ्लश व्हॉल्व्हचा मनोरा पाव फेरा फिरवला की वर निघतो. सफाईसाठी तो काढायला माहितीपत्रकातच सांगितलेलं असतं, त्यामुळे वॉरंटीला धक्का लागत नाही. आधी फोटो काढले. वॉशर बोटाने चोळला. क्लोरीनने खाल्लेलं रबर बोटाला काळं लावतं, इथे बोट स्वच्छ राहिलं. टँकमध्ये टाकायच्या सफाईच्या गोळ्यांनी हेच होतं आणि बऱ्याच कंपन्या अशा वेळी वॉरंटी नाकारतात. आम्ही त्या कधी वापरल्या नव्हत्या. क्षारांचा पांढरा थर नव्हता, वाळूचा कणही नव्हता. वॉशर धुऊन परत बसवला, पुन्हा एक तास मोजलं. पुन्हा १२ मिलीमीटर.

मग प्लास्टिकच्या बैठकीच्या कडेवरून नख फिरवलं. एका जागी ते अडलं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे प्लास्टिकची एक बारीक रेघ वर आलेली होती, आणि तिच्या समोर वॉशरवर तशीच एक खाच पडलेली होती. पहिले १४ महिने मऊ रबराने ती रेघ झाकून घेतली होती. आता रेघेच्या दोन्ही अंगांना फट राहत होती.

इथे मागणी बदलली. नवा वॉशर टाकला असता तर गळती लगेच थांबली असती, विक्रेता खूश, आम्हीही खूश. काही महिन्यांनी तो वॉशरही दाबून बसला असता, आणि तोपर्यंत कदाचित मुदत संपली असती. म्हणून वॉशर मागायचा नव्हता, बैठकीसकट पूर्ण फ्लश व्हॉल्व्ह मागायचा होता. आधीचं पत्र फाडून हे लिहिलं:

“महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या फ्लश टँकमधून पाणी गळत आहे. खरेदीला १४ महिने झाले असून फिटिंगची वॉरंटी २ वर्षांची आहे. बिल, वॉरंटी कार्ड आणि टँकच्या आत छापलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे.

अँगल कॉक बंद ठेवून पातळी मोजली असता ती पहिल्या तासात १२ मिमी व एकूण ८ तासांत ८४ मिमी उतरली. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे भरणाऱ्या व्हॉल्व्हमुळे ही गळती होत नाही. टँकबाहेर पाणी येत नाही. वॉशर धुऊन बसवल्यावरही गळती तेवढीच राहिली. वॉशरवर क्षार नाहीत. टँकमध्ये सफाईच्या गोळ्या कधीही वापरलेल्या नाहीत.

फ्लश व्हॉल्व्हच्या बैठकीवर साच्याच्या जोडाची वर आलेली रेघ आहे व वॉशरवर त्याच जागी खाच आहे. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. हा दोष बैठकीत असल्याने केवळ वॉशर बदलून तो जाणार नाही. तरी वॉरंटीनुसार फ्लश व्हॉल्व्ह संपूर्ण बदलून द्यावा. माणूस पाठवण्याची तारीख ७ दिवसांत लेखी कळवावी. काढलेला व्हॉल्व्ह तपासणी होईपर्यंत फेकू नये, ही विनंती.

आपला,”

पत्रात दिवसाला १४ लिटर हा आकडा घातला नाही. तो खरा होता, पण विक्रेत्याला त्याचं काय. त्याला पुढे कंपनीकडे पाठवता येईल असा कागद हवा असतो, आणि कंपनीचा माणूस भाग पाठवताना दोष कुठल्या भागात आहे तेवढंच पाहतो. “बेजबाबदारपणा”, “मनस्ताप” हे शब्दही पहिल्या खर्ड्यात होते, ते गेले.

आलेल्या मिस्त्रीने खिशातून नवा वॉशर काढला होताच. त्याला बैठक दाखवली आणि नख फिरवायला सांगितलं. त्याने दोनदा फिरवलं, वॉशर परत खिशात ठेवला आणि दुकानात फोन लावला. व्हॉल्व्ह चार दिवसांनी आला. बदलायचा तर टँक कमोडवरून उतरवावा लागतो, कारण व्हॉल्व्ह खालून मोठ्या नटने आवळलेला असतो, आणि टँक परत बसवताना खालचं पॅकिंगही नवं घालावं लागतं. जुनं पॅकिंग पुन्हा वापरलं, तर आतली गळती जाऊन बाहेरची सुरू व्हायची शक्यता असते. ते पॅकिंग व्हॉल्व्हसोबत आलंच नव्हतं. मिस्त्री ते आणायला परत गेला.

त्या रात्री कॉक पुन्हा बंद ठेवला. सकाळी पाणी पेन्सिलीच्या रेघेवरच होतं.