व्हॉइस नोट आणि ऑडिओ फाइल (मीटिंगचं रेकॉर्डिंग पाठवताना)

व्हॉइस नोट म्हणजे चॅटमधलं माइकचं बटण दाबून तिथल्या तिथे बोललेला मेसेज. ऑडिओ फाइल म्हणजे फोनच्या रेकॉर्डरमध्ये आधी रेकॉर्ड करून सेव्ह झालेली आणि मग अटॅच करून पाठवलेली फाइल. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण सोसायटीची वार्षिक सभा किंवा ऑफिसची दोन तासांची मीटिंग असली की यातला फरक चांगलाच जाणवतो. इथे व्हॉट्सॲपचं उदाहरण घेतलंय, कारण आपल्याकडे बहुतेकांची देवाणघेवाण तिथेच चालते.

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट २०१३ मध्ये आली. ती ओपस नावाच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होते, जो बोलण्याचा आवाज अगदी कमी जागेत बसवतो. सेकंदाला १६ किलोबिट धरले तर तासाभराचं बोलणं सव्वासात एमबीच्या आसपास जातं, म्हणून कमी नेटवर्कमध्येही नोट पटकन पोचते. तोंडाजवळ फोन धरून बोललेलं यात स्वच्छ ऐकू येतं. पण हॉलमध्ये पंखे फिरतायत, मागच्या रांगेतून कुणीतरी प्रश्न विचारतंय, दोघं एकदम बोलतायत, अशा वेळी इतक्या दाबलेल्या आवाजात लांबचं बोलणं पुसट होतं, आणि नंतर ती नोट एमपी३ मध्ये बदलली तरी गेलेला आवाज परत येत नाही.

दुसरी अडचण रेकॉर्ड करतानाची. माइक वर सरकवून लॉक केला की हात मोकळा होतो खरा, पण पाठवेपर्यंत ते रेकॉर्डिंग नीट नाव असलेली फाइल म्हणून कुठेच नसतं, ते त्या चॅटमध्येच अडकलेलं असतं. मधेच फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं, डिलीटवर बोट पडलं की सगळंच गेलं, आणि दीड तासाची सभा परत कोण घेणार?

ऐकणाऱ्याचे हाल मात्र जास्त होतात. समजा सभा २ तास १० मिनिटं चालली, म्हणजे १३० मिनिटं. चॅटमधली नोटची पट्टी साधारण पाच सेंटीमीटर धरा, तर एका मिलिमीटरमध्ये अडीच मिनिटांहून जास्त सभा बसते. लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं एवढंच ऐकायचं असलं तरी बोट जरा हललं की आपण पार्किंगच्या भांडणात जाऊन पडतो. वेग दुप्पट केला तरी सगळं ऐकायला तासाभराच्या वर लागतो. तीच सभा फाइल म्हणून असली की म्युझिक प्लेअरमध्ये दहा-दहा सेकंद मागेपुढे करता येतं, आणि सेक्रेटरींनी "४७:२० लिफ्ट, १:१२:०५ पार्किंग" असं मेसेजमध्ये लिहून दिलं की इतिवृत्त लिहिणारा थेट तिथेच जातो.

नावाचंही तसंच. व्हॉइस नोट फोनमध्ये सहसा `PTT-20240915-WA0007.opus` अशा नावाने पडते, त्यावरून तारीख कळते पण सभा कुणाची ते कळत नाही, आणि काही प्लेअर .opus उघडतच नाहीत. फाइलला आपण `AGM-2024-09-15.m4a` असं नाव देऊ शकतो, वर्षभराने वाद निघाला तरी नुसतं सर्च केलं की सापडते.

करायचं कसं, तर मीटिंगआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, रेकॉर्डर चालू करायचा आणि फोन टेबलावर नुसता न ठेवता वहीवर किंवा रुमालावर ठेवायचा, नाहीतर कपबशी ठेवल्याचा प्रत्येक आवाज आत जातो. रेकॉर्डिंग होतंय हे सगळ्यांना सुरुवातीलाच सांगायचं. क्वालिटी सेकंदाला ६४ किलोबिट ठेवली तर आपली १३० मिनिटांची सभा साधारण ६२ एमबी होते, १२८ ठेवली तर १२५ एमबी. डब्ल्यूएव्ही फॉरमॅट निवडू नका, त्यात याच्या कितीतरी पट मोठी फाइल होते.

पाठवताना लोक हमखास चुकतात ते इथे: अटॅचमध्ये "ऑडिओ" निवडतात. तसं न करता "डॉक्युमेंट" निवडायचं, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते, नावही तेच राहतं, आणि मर्यादा २ जीबीपर्यंत मिळते. ज्यांच्याकडे डेटा कमी असतो त्यांच्यासाठी फाइलसोबत साइज आणि एकूण वेळ लिहावी, म्हणजे ते घरी वायफायवर डाउनलोड करतील. गेल्याची खात्री करायला शेवटची दोन मिनिटं उघडून ऐकायची, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल कधीकधी सुरुवातीला ठणठणीत वाजते आणि शेवटी तुटते.

व्हॉइस नोट वाईट असते असं नाही. "काका, सभा साडेसातला सुरू होतीये, चावी वॉचमनकडे आहे" एवढं सांगायला तीच बरी, आणि ऐकल्यावर माइकची खूण निळी होते त्यामुळे निरोप ऐकला की नाही ते सहसा कळतं. दोन-तीन मिनिटांपर्यंत नोट, त्यापुढे फाइल, असा हिशोब आम्ही ठेवतो. आणि ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर नोट काय, फाइल काय, दोन्ही चॅटमधून जातात, म्हणून सभेच्या फाइलची एक कॉपी सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर त्याच दिवशी ठेवायची.