पंचावन्न टक्के सौदे बरोबर, तरीही भांडवल शून्य

एक ट्रेडर आहे. त्याने आपल्या भांडवलाचे दहा समान भाग केले आहेत आणि प्रत्येक सौद्यात तो एकच भाग पणाला लावतो. टार्गेट म्हणजे नफा घेऊन बाहेर पडायचा भाव आणि स्टॉपलॉस म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडायचा भाव, हे दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत. सौदा जमला तर एक भाग वाढतो, फसला तर एक भाग जातो. त्याची पद्धत खरोखर चांगली आहे, म्हणजे शंभरातले सरासरी ५५ सौदे जमतात. दर सौद्याला सरासरी एक दशांश भाग नफा. वर्षानुवर्षं हेच करत राहिला तर हा माणूस पैसेवाला व्हायला हवा.

बहुतेकदा होतोही. पण अशा शंभर ट्रेडरांपैकी सुमारे १३ जणांचं भांडवल कधी ना कधी शून्यावर येतं. पद्धत तीच, शिस्त तीच, पणाला लावलेली रक्कमही तीच.

गणितात या प्रवासाला रँडम वॉक म्हणतात. प्रत्येक सौद्याला भांडवल एक पाऊल वर जातं किंवा एक पाऊल खाली, आणि पुढचं पाऊल मागच्या पावलांवर अवलंबून नसतं. फरक एवढाच, की शून्यावर एक भिंत आहे आणि ती शोषक आहे. तिला टेकलेला परत फिरत नाही. ‘सरासरी नफा’ काढताना नेमकी हीच भिंत विसरली जाते. सरासरीला पुढचे हजार सौदे दिसत असतात, पण चाळिसाव्या सौद्याला भांडवल संपलेल्याला ते करताच येत नाहीत.

हे १३ आले कुठून, ते शाळेतल्या बीजगणिताने काढता येतं. आधी छोटा प्रश्न घेऊ. आज आहे त्या जागेवरून भांडवल कधीतरी एक पायरी खाली जाण्याची शक्यता किती? तिला ‘र’ म्हणू. पहिलाच सौदा फसला (शक्यता ०.४५), तर एक पायरी खाली आलोच. जमला (शक्यता ०.५५), तर आपण एक पायरी वर आहोत आणि आता एकूण दोन पायऱ्या उतरायच्या आहेत. प्रत्येक पायरी उतरण्याची शक्यता पुन्हा र, म्हणून दोन्हींची र². एकत्र मांडलं तर:

र = ०.४५ + ०.५५ × र²

या वर्गसमीकरणाला दोन उत्तरं आहेत, १ आणि ९/११. पद्धत फायद्याची असेल तर चाल एकंदरीत वरच्या दिशेने सरकते आणि काही प्रवास खाली कधीच येत नाहीत, म्हणून १ हे उत्तर इथे बाद होतं. उरतं ९/११, म्हणजे जवळपास ८२ टक्के. फक्त एकाच भागाचं भांडवल घेऊन उतरणाऱ्याची पद्धत इतकी चांगली असूनही दहातल्या आठ वेळा त्याचा कारभार आटोपतो. दहा भाग असतील तर दहा पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून ९/११ स्वतःशी दहा वेळा गुणायचं. येतात १३.४ टक्के.

सगळं रहस्य या गुणाकारात आहे. पणाला लावायची रक्कम निम्मी केली की भांडवलाचे वीस भाग होतात आणि धोका निम्मा होत नाही, त्याचा वर्ग होतो. ०.१३४ चा वर्ग ०.०१८, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. उलट रक्कम दुप्पट केली, तर पाच भागांत धोका ३७ टक्क्यांवर जातो. रक्कम ठरलेली असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. भांडवल वाढून वीस भागांवर गेलं की तिथून पुढचा धोकाही दोन टक्क्यांच्या आत येतो. म्हणून या चालीतला खरा घात सुरुवातीच्या सौद्यांत असतो.

आणि पद्धत ना फायद्याची ना तोट्याची, अगदी ५०-५० असेल तर? समीकरणाची दोन्ही उत्तरं १ येतात. मर्यादेशिवाय खेळत राहिलं तर भिंत गाठली जाणार हे निश्चित. दहा भागांनी सुरुवात केली तर शंभर सौद्यांच्या आत ती गाठण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि चारशे सौद्यांच्या आत ६२.

हा हिशोब शेअर बाजाराच्या चार्टपेक्षा कितीतरी जुना आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ मध्ये छापलेल्या प्रश्नांत तो आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे १२ नाणी, तीन फासे. १४ ची बेरीज पडली तर पहिल्याला दुसऱ्याकडून एक नाणं, ११ पडली तर दुसऱ्याला पहिल्याकडून. तीन फाशांवर १४ येण्याचे १५ प्रकार आणि ११ येण्याचे २७, म्हणजे दर नाण्यामागे ५ विरुद्ध ९. समोरच्याला पूर्ण धुवून काढण्याचं गुणोत्तर मात्र ५ च्या बाराव्या घाताला ९ चा बारावा घात. पहिल्याच्या एका विजयामागे दुसऱ्याचे सुमारे ११५७. एका डावात दुपटीहूनही कमी असलेला फरक बारा पायऱ्यांत हजारपट होतो.

आता मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. आपल्या शंभरातले ते जे १३ जण बुडाले, त्यांच्या वह्यांत काय लिहिलेलं असतं?

समजा, एकाचं भांडवल बरोबर शंभराव्या सौद्याला संपलं. म्हणजे ४५ सौदे जमले आणि ५५ फसले, कारण दहा भाग जाण्यासाठी फसलेले सौदे जमलेल्यांपेक्षा दहाने जास्त हवेत. चांगल्या पद्धतीत हाच क्रम घडण्याची शक्यता काढायला ०.५५ पंचेचाळीस वेळा आणि ०.४५ पंचावन्न वेळा गुणायचे. आता शेजारी एक वाईट ट्रेडर बसवा, ज्याचे शंभरातले ४५ च सौदे जमतात. त्याच्या हातून हाच क्रम घडण्याची शक्यता काढताना दोन्ही आकडे अदलाबदल होतात. पहिल्या शक्यतेला दुसरीने भागलं की सगळं कटतं आणि उरतो ९/११ चा दहावा घात, तोच १३.४ टक्के.

आणि हे गुणोत्तर सगळ्याच बुडणाऱ्या प्रवासांना लागू आहे. प्रवास बारा सौद्यांचा असो की चारशेचा, फसलेले आणि जमलेले यांतला फरक दहाच असतो. त्यामुळे बुडण्याचा प्रत्येक रस्ता चांगल्या ट्रेडरसाठी वाईट ट्रेडरच्या १३.४ टक्के इतका संभाव्य आहे, ना जास्त ना कमी. वाईट ट्रेडर तर बुडणारच, त्याच्या सगळ्या रस्त्यांची बेरीज १०० टक्के. म्हणून चांगल्याची १३.४. मघाचं उत्तर इथे वर्गसमीकरणाशिवाय आपोआप हाती येतं.

पण याचा दुसरा अर्थ जास्त बोचरा आहे. बुडालेल्या चांगल्या ट्रेडरांच्या वह्या आणि बुडालेल्या वाईट ट्रेडरांच्या वह्या एकमेकींत मिसळल्या, तर कोणती कोणाची हे वहीवरून कोणालाही सांगता येणार नाही. वाईट ट्रेडर दर सौद्याला सरासरी एक दशांश भाग गमावतो, तेव्हा दहा भाग संपायला त्याला सरासरी शंभर सौदे लागतात. बुडालेल्या चांगल्या ट्रेडरची सरासरीही तीच, आणि साधारण दोन तृतीयांश जण तर शंभराच्या आतच संपतात. त्यांच्या वह्यांतून पद्धत फालतू असल्याचाच निष्कर्ष निघेल, तोही संपूर्ण प्रामाणिकपणे.

हीच अडचण उलट बाजूनेही येते. शंभर सौद्यांत ५५ जमले म्हणून पद्धत ५५ टक्क्यांची आहे असं म्हणता येत नाही. शंभर सौद्यांत नुसत्या योगायोगाने पाच-सहा इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. खरी पद्धत ५० ची असेल तर वरचं १३ टक्क्यांचं आश्वासन साफ कोसळतं.

खर्चाचा परिणामही असाच अंदाजाबाहेरचा असतो. समजा ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, मिळून दर सौद्याला भागाचा विसावा हिस्सा जातो. मग जमला तर ०.९५ मिळतात, फसला तर १.०५ जातात. सरासरी नफा निम्मा झाला, एवढंच वरवर दिसतं. पण भांडवल संपण्याचा धोका १३ वरून ३५ टक्क्यांच्या घरात जातो. नफा निम्मा होणं हे जवळपास भांडवलच निम्मं असण्यासारखं आहे.

‘माझे सौदे कमी जमतात, पण जमला की दुप्पट मिळतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचाही हिशोब करू. ४० टक्के सौदे जमतात, जमला तर दोन भाग, फसला तर एक भाग. सरासरी नफा दर सौद्याला ०.२, म्हणजे आपल्या पहिल्या ट्रेडरच्या दुप्पट. समीकरणात आता जमल्यावर तीन पायऱ्या उतराव्या लागतात: र = ०.६ + ०.४ × र³. उत्तर येतं ०.८२३, आणि दहा भागांसाठी धोका १४ टक्के. नफा दुप्पट असूनही धोका तसूभर जास्तच. कारण इथे हेलकावे मोठे आहेत, आणि भिंतीला सरासरीशी काही देणंघेणं नसतं, चाल खाली किती खोल जाते एवढंच तिला कळतं.

प्रत्यक्षात भिंत शून्यावर क्वचितच असते. निम्मं भांडवल गेलं की बरेच जण थांबतात, किंवा मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली अनामत, अपुरं पडल्याने ब्रोकरच चालू सौदा म्हणजे पोझिशन बंद करतो. तसं असेल तर दहा भागांचे खरे भाग पाचच धरायला हवेत, आणि धोका १३ नाही, ३७ टक्के. शिवाय आपण गृहीत धरलंय की फसलेला सौदा एकच भाग खातो. बाजार गॅपने, म्हणजे आदल्या दिवशीच्या भावापासून एकदम दूर उघडला तर स्टॉपलॉस ज्या भावाला लावला होता त्या भावाला लागतच नाही, आणि एका सौद्यात तीन-चार पायऱ्या एकदम खाली जाता येतं. एकाच वेळी एकाच दिशेच्या पाच पोझिशन घेतल्या तर ते पाच वेगळे सौदे नसतात. बाजार एकत्र पडला की ती एकच पाच भागांची पैज होते, आणि दहा भाग घेऊन उतरलेला ट्रेडर त्या क्षणी दोनच भागांचा धनी असतो. दोन भागांसाठी ९/११ चा वर्ग करा, ६७ टक्के येतात.