साक्षांकन नमुना भरताना: मिटलेली केस, चॅप्टर केस आणि ‘नाही’ लिहिण्याची घाई

सरकारी नोकरीच्या निवड यादीत नाव लागलं की काही दिवसांत हातात साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्वचारित्र्य पडताळणीचा फॉर्म, पडतो. शिक्षण, पत्ते, ओळख देणारे दोन प्रतिष्ठित गृहस्थ इथपर्यंत पेन भराभर चालतं. पुढे गुन्ह्यांविषयीचे प्रश्न येतात आणि बहुतेक पोरं सगळ्यांपुढे एका दमात ‘नाही’ लिहून सही ठोकतात. मागे कधी भांडणाची केस झाली असेल, तर घरचे वडीलधारी सांगतात, ‘अरे ती मिटली ना, मग कशाला लिहायची?’ नोकरी जाते ती बऱ्याचदा या एका वाक्यापायी. भांडणापायी क्वचितच.

हा एक प्रश्न नसतो, पाच-सहा वेगळे प्रश्न असतात. तुम्हाला कधी अटक झाली होती का? कधी खटला भरला गेला का? चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं गेलं का? न्यायालयाने दंड केला का? दोषी ठरवलं का? आणि आज, म्हणजे नमुना भरताना, एखादं प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे का? विभागानुसार शब्द थोडे बदलतात. पण ‘कधी’ आणि ‘आज’ यांतला फरक कायम असतो. निर्दोष सुटका झाली म्हणजे शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ हे उत्तर खरं ठरतं. पहिल्या दोघांना ते खोटंच राहतं.

एक उदाहरण धरून बघू. 2021 मध्ये बांधावरून भाऊबंदकीत मारामारी झाली, समोरच्याचा हात मोडला. फिर्यादीत वडील, चुलते आणि एकवीस वर्षांचा मुलगा अशी तीन नावं. गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 325, 504, 34 खाली नोंदला गेला. मुलाला ठाण्यात बोलावलं, कागदांवर सह्या घेतल्या आणि संध्याकाळी जामिनावर घरी सोडलं. पुढे दोषारोपपत्र गेलं, दोन वर्षं तारखा झाल्या आणि 2023 मध्ये कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. आता मुलाची भरतीत निवड झाली आहे.

तो म्हणतो, ‘मला कुठे अटक झाली? मी तर त्याच दिवशी घरी आलो.’ इथेच फसगत होते. गुन्हा जामीनपात्र असला की पोलीस कागदोपत्री अटक दाखवून ठाण्यातूनच जामिनावर सोडतात. कोठडीत रात्र काढली नाही, तरी ती अटकच. मात्र हजर राहण्याची नुसती नोटीस दिली असेल, तर ती अटक नव्हे. नेमकं काय झालं ते आठवणीवर सोडू नका. दोषारोपपत्रात अटकेची तारीख लिहिलेली असते, ती बघा.

तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेसारखाच असतो. म्हणून या मुलाची उत्तरं अशी: अटक होय, खटला होय, बंधपत्र नाही, दंड नाही, दोषसिद्धी नाही, प्रलंबित नाही. सोबत स्वतंत्र कागदावर चार ओळी: ‘माझ्याविरुद्ध अमुक पोलीस ठाण्यात गु.र.नं. अमुक/2021 नोंद होता. अमुक तारखेला अटक होऊन त्याच दिवशी जामिनावर सुटका झाली. अमुक न्यायालयातील नियमित फौजदारी खटला क्र. अमुक मध्ये अमुक तारखेस तडजोडीने निर्दोष मुक्तता झाली. निकालाची प्रमाणित नक्कल जोडली आहे.’ बस. भांडणात चूक कोणाची होती, हे तिथे लिहू नये. तो कागद वाचणाऱ्याला तुमची बाजू नको असते, क्रमांक आणि तारखा हव्या असतात.

हे क्रमांक घरी सापडत नसतील तर services.ecourts.gov.in वर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा गुन्हा क्रमांकाने शोधता येतं. नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे टाकून बघा. कारकुनाने कसं टाइप केलंय सांगता येत नाही. निकालाची नक्कल मात्र कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करूनच घ्यावी, स्क्रीनवरची छापून नाही. जुन्या केसचं रेकॉर्ड काढायला वेळ लागतो, म्हणून निवड यादीची वाट न बघता आधीच अर्ज टाकलेला बरा.

काही गोष्टी लोकांना केसच वाटत नाहीत. चॅप्टर केस, म्हणजे पोलिसांनी केलेली प्रतिबंधात्मक कारवाई, त्यातली पहिली. गणपतीत किंवा निवडणुकीच्या तोंडावर तहसीलदारासमोर उभं करून बंधपत्र घेतलं असेल, तर बंधपत्राच्या प्रश्नाला ‘होय’. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, तर ती दोषसिद्धी आहे. लॉकडाऊनमध्ये सरकारी आदेश मोडल्याबद्दल कलम 188 खाली नाव गेलं असेल, तर सरकारने गुन्हे मागे घेतल्याच्या बातमीवर विसंबू नका. तुमच्या खटल्यात कोर्टाचा आदेश झालाय का ते बघा. उलट नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली असेल आणि पुढे काहीच घडलं नसेल, तर अटकही नसते आणि खटलाही नसतो. ‘तुमच्याविरुद्ध कधी तक्रार किंवा गुन्हा नोंद झाला का’ असं विचारलं असेल, तरच ती सांगायची. वय अठराच्या आत असतानाच्या प्रकरणाचं वेगळं आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार, अतिगंभीर गुन्ह्याचा अपवाद सोडला, तर त्यामुळे अपात्रता येत नाही. अशा प्रकरणात लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की का? तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हे सविस्तर सांगितलं. माहिती खरी दिली तरी उमेदवाराचं पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. पोलीस दलात तर साक्षीदार फुटल्यामुळे झालेली सुटका आणि आरोपात तथ्यच नसल्यामुळे झालेली सुटका यांत फरक केला जातो. किरकोळ प्रकरण प्रलंबित असेल आणि ते उघड केलं असेल, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. तरुण वयात घोषणाबाजी केल्यासारखी क्षुल्लक गोष्ट लपवली गेली, तर अधिकारी ती माफही करू शकतो. पण माफ करणं त्याच्या हातात आहे, तो उमेदवाराचा हक्क नव्हे. त्याच निकालात उमेदवाराच्या बाजूचा मुद्दाही आहे: जे नेमकं विचारलेलं नाही, ते न सांगितल्याबद्दल लपवाछपवीचा ठपका ठेवता येत नाही. खाजगी कंपनीच्या फॉर्मवर फक्त ‘दोषी ठरला आहात का’ असं असेल, तर सुटलेली केस उगाळत बसायची गरज नाही.

सरकारी नमुना मात्र पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयामार्फत ठाण्यात जातो. तिथे तुमचं नाव संगणकावरही बघतात आणि ठाण्याच्या रजिस्टरातही. सुटका झालेली केसही त्यात दिसते. पुण्याला शिकायला राहिला असाल तर तिथलाही पत्ता नमुन्यात असतोच, त्यामुळे तिथल्या ठाण्यातही चौकशी जाते.

आधीच ‘नाही’ लिहून दिलं असेल, तर पडताळणी अहवाल येण्याआधी नियुक्ती प्राधिकाऱ्याला लेखी दुरुस्ती द्या, वर सांगितलेल्या चार ओळी आणि नक्कल जोडून. नमुना दिल्यानंतर नवीन गुन्हा दाखल झाला, तर तोही लगेच कळवावा लागतो. ही अट बहुधा नमुन्यावरच छापलेली असते. दोन्ही वेळा अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. टेबलावरचा माणूस ‘ठेवा, बघतो’ म्हणाला तर निघून येऊ नका. शिक्का देत नसेल, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा.