वैदेही, किर्लोस्करवाडी आणि हापूस: एका नावातून दुसरं नाव कसं निघतं

शाळेतल्या कुठल्याही वर्गाचं हजेरीपुस्तक उघडा, त्यात एखादी जानकी, एखादी मैथिली आणि एखादी वैदेही हमखास सापडते. तिन्ही नावं सीतेचीच, हे आपल्याला माहीत असतं, पण तिन्ही तिला वेगवेगळ्या कारणाने मिळालीत हे सहसा लक्षात येत नाही. जानकी म्हणजे जनकाची मुलगी, मैथिली म्हणजे मिथिलेची, आणि वैदेही म्हणजे विदेह देशाची. म्हणजे एक नाव बापाकडे बोट दाखवतं, एक शहराकडे आणि एक देशाकडे.

इंग्रजीत अशा प्रकारांना पेट्रोनिमिक, टोपोनिम, एपोनिम, मोनोनिम अशी नावं आहेत. ऐकायला जड वाटतात पण आत फार काही नाही, शेवटचा "ओनिम" हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ नाव. बापाच्या नावावरून आलेलं ते पेट्रोनिमिक, जागेचं नाव ते टोपोनिम, ज्या माणसाचं नाव दुसऱ्या कशाला तरी दिलं तो एपोनिम, आणि एकाच शब्दाचं नाव ते मोनोनिम. व्याख्या एवढीच. खरी गंमत आहे ती एका नावातून दुसरं नाव निघतं तेव्हा काय होतं यात, आणि ते बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

आधी बापाचं नाव घेऊ. संस्कृतात बापाच्या नावावरून मुलाचं नाव बनवायची एक पद्धतच आहे, पहिला स्वर फुगवायचा आणि शेवटी प्रत्यय लावायचा. जनक ची जानकी, दशरथ चा दाशरथी, द्रुपद ची द्रौपदी, पर्वत ची पार्वती, रघु चा राघव (इथे राघव म्हणजे रघूचा वंशज, थेट मुलगा नाही), वसुदेव चा वासुदेव. अ चा आ होतो, उ चा औ होतो, इ चा ऐ होतो. एकदा हे कळलं की पौराणिक नावं वाचताना आपोआप मागचा माणूस दिसायला लागतो. सौमित्र दिसलं की आत सुमित्रा आहे, म्हणजे इथे बाप नाही तर आई आहे, लक्ष्मणाची. कौंतेय, राधेय पण तसेच आईवरून. याला मेट्रोनिमिक म्हणतात.

पण या पद्धतीत एक अडचण आहे. हाच स्वर फुगवायचा नियम जागेच्या नावालाही लागतो. मिथिला ची मैथिली, गंधार ची गांधारी, केकय ची कैकेयी, पंचाल ची पांचाली. त्यामुळे नुसत्या शब्दाच्या ठेवणीवरून बाप की गाव हे कळत नाही, मूळ शब्द काय आहे ते माहीत असावंच लागतं. द्रौपदी आणि पांचाली ही एकाच बाईची नावं, दिसायला सारख्याच घडणीची, पण एक बापाचं आणि एक देशाचं.

आता आपल्या रोजच्या नावाकडे या. सचिन रमेश तेंडुलकर यातलं मधलं "रमेश" हे पेट्रोनिमिकचं काम करतं, फक्त आपण त्याला प्रत्यय लावत नाही, बापाचं नाव आहे तसंच मधे ठेवतो. रशियात प्रत्यय लागतो, व्लादिमीरचा मुलगा व्लादिमीरोविच, मुलगी व्लादिमीरोव्हना. दोन्हीकडे नाव जिवंत आहे, म्हणजे दर पिढीला बदलतं. याउलट इंग्रजीतलं जॉन्सन हे एकेकाळी "जॉनचा मुलगा" होतं पण आता गोठलंय, आजच्या जॉन्सनच्या वडिलांचं नाव जॉन असायलाच हवं असं काही नाही. हा जिवंत आणि गोठलेलं यातला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लग्नानंतर बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव येतं तेही फॉर्मवर त्याच रकान्यात बसतं, पण ते पेट्रोनिमिक नाही, कारण नवरा बाप नाही. रकाना एकच, नातं वेगळं.

आणि आईचं नाव ही काही नवीन गोष्ट नाही. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आहे, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, दोघंही आईच्या नावाने ओळखले जातात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आलाय. म्हणजे आता एकाच नावात मेट्रोनिमिक, पेट्रोनिमिक आणि आडनाव एका रांगेत.

आडनावावरून जागेकडे येतो. इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकते. टोपोनिम म्हणजे जागेचं नाव, बस. चिपळूण हे टोपोनिम. चिपळूणकर हे टोपोनिम नाही, ते टोपोनिमवरून बनलेलं आडनाव. आता विचार करा, चिपळूणमधे राहणाऱ्या माणसाला चिपळूणमधे कोणी चिपळूणकर म्हणून ओळखेल का? नाही, कारण तिथे सगळेच चिपळूणचे, त्या नावाने ओळख पटणारच नाही. तो माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक म्हणतात, हा चिपळूणचा, आणि मग ते चिकटतं. म्हणजे कर लावलेलं आडनाव बरेचदा हे सांगतं की तुमच्या पूर्वजांनी ते गाव कधीतरी सोडलं होतं. आणि म्हणूनच एकाच आडनावाची दोन घराणी नातेवाईक असतीलच असं नाही, एकाच गावातून दोन वेगळी कुटुंबं निघाली तरी दोघंही तेच आडनाव घेऊन फिरतात.

कधीकधी हे आडनाव मुद्दाम घेतलेलंही असतं. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, आणि आज ते आडनाव ऐकलं की गावाच्या आधी घराणं आठवतं.

माझं आवडतं उदाहरण किर्लोस्करवाडी. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात किर्लोस नावाचं गाव आहे, हे झालं टोपोनिम. त्यावरून किर्लोस्कर हे आडनाव. मग लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मधे आताच्या सांगली जिल्ह्यात कारखाना आणि त्याच्याभोवती वसाहत उभी केली, तिचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. म्हणजे गावावरून माणूस आणि माणसावरून पुन्हा गाव! पहिल्या गावाने कुटुंबाला नाव दिलं आणि त्या कुटुंबाने दुसऱ्या गावाला. दुसऱ्या गावाच्या बाबतीत किर्लोस्कर हे एपोनिम झाले. उद्या तिथून कोणी बाहेर गेला तर त्याला किर्लोस्करवाडीकर म्हणता येईल आणि साखळी अजून एक कडी पुढे जाईल. सँडविचचं पण असंच आहे, सँडविच हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं एक गाव, त्यावरून एका उमरावाची पदवी अर्ल ऑफ सँडविच, आणि त्या उमरावावरून दोन पावांच्या मधे काहीतरी घालून खायचा पदार्थ.

एपोनिम म्हणजे नेमकं काय याची गल्लत इथे होते. मूळ अर्थाने एपोनिम म्हणजे तो माणूस, ज्याचं नाव घेतलं गेलं. पण बोलताना लोक त्या वस्तूच्या नावालाही एपोनिम म्हणतात आणि दोन्ही आता चालतं. रुडॉल्फ डिझेल हा माणूस, डिझेल हे इंजिन आणि इंधन. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधे एका जमीनदाराची जमीन सांभाळणारा अधिकारी, १८८० मधे लोकांनी त्याच्याकडे काम करणं, त्याला माल विकणं, त्याच्याशी बोलणंच बंद केलं, आणि त्याचं नाव बहिष्काराला मिळालं. ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याचंच नाव बहिष्काराला, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आणि आपला हापूस. अफोन्सो द आल्बुकर्क, ज्याने १५१० मधे गोवा घेतलं, त्याच्या नावावरून आंब्याच्या या जातीला नाव मिळालं असं मानतात. अफोन्सोचं आफूस, आणि मराठीत आपण पुढे ह लावून हापूस केलं. बाजारात "दोन डझन हापूस द्या" म्हणताना कोणाच्या डोक्यात पोर्तुगीज सरदार येतो? कोणाच्याच नाही, आणि एपोनिम पूर्ण मुरलं हे ओळखायची हीच खूण. इंग्रजीत अजून एक खूण असते, शब्दाचं पहिलं कॅपिटल अक्षर लहान होतं. देवनागरीत कॅपिटल नाही त्यामुळे आपल्याला ती खूण मिळत नाही, आपल्याकडे शब्दाचा उच्चार बदलला की समजायचं.

कॅपिटलची ही खूण एका ठिकाणी मात्र आपल्याला रोज भेटते. लाइट बिलावर kWh लिहिलेलं असतं, त्यात k लहान, h लहान आणि मधला W मोठा. कारण W म्हणजे वॉट, जेम्स वॉटवरून. माणसाच्या नावावरून आलेल्या एककाचं चिन्ह कॅपिटल लिहायचं असा नियम आहे, व्होल्टचं V (व्होल्टावरून), केल्विनचं K. मीटर कोणा माणसावरून नाही म्हणून m, सेकंदाचं s. याला अपवाद लिटरचा, L कधीकधी मोठा दिसतो पण तो 1 या आकड्याशी घोटाळा होऊ नये म्हणून, लिटर नावाचा कोणी माणूस नव्हता.

फळांतच अजून एक नाव बघा, मोसंबी. हापूससारखंच बाहेरून आलेलं, पण ते माणसावरून नाही, मोझांबिक देशावरून. दोन्ही फळं एकाच टोपलीत, एकाच्या मागे माणूस आणि दुसऱ्याच्या मागे देश.

राहिलं मोनोनिम. आपले संत घ्या, तुकाराम, नामदेव, चोखामेळा, अभंगात तर नुसतं "तुका म्हणे". एका शब्दात माणूस पूर्ण ओळखला जातो. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकर्णो आणि सुहार्तो, दोघांचंही नाव एवढंच, आडनाव लपवलेलं नाही, नव्हतंच. याउलट फुटबॉलपटू पेलेचं पूर्ण नाव एडसन अरांतेस दो नासिमेंतो, पेले हे टोपणनाव, म्हणजे तो प्रसिद्धीने एकनामी झाला. मधला प्रकार आइसलँडची गायिका ब्योर्क. जगासाठी ती मोनोनिम, पण तिचं नाव ब्योर्क गुडमुंड्सडोटिर, म्हणजे गुडमुंडुरची मुलगी. आइसलँडमधे सगळ्यांनाच पहिल्या नावाने हाक मारतात, अगदी फोनच्या छापील डिरेक्टरीतही पहिल्या नावानेच लावायचे, कारण बहुतेकांचा दुसरा शब्द आडनाव नाहीच, बापाची किंवा कधी आईची ओळख आहे.

तमिळनाडूतही आडनावाची सक्ती नाही. बुद्धिबळातले विश्वनाथन आनंद, यात आनंद हे त्यांचं नाव आणि विश्वनाथन वडिलांचं. पण बाहेरच्या लोकांना पहिला शब्द म्हणजे माणसाचं नाव अशी सवय, त्यामुळे त्यांना "विशी" हे टोपणनाव पडलं, जे खरं तर वडिलांच्या नावाचं लाडकं रूप आहे.

कागदावर मात्र एका शब्दाच्या नावाचे हाल होतात. पासपोर्टवर एकच शब्द असेल तर अमेरिकेच्या व्हिसा फॉर्ममधे तो शब्द आडनावाच्या जागी जातो आणि नावाच्या जागी FNU लिहावं लागतं, म्हणजे "पहिलं नाव माहीत नाही". ज्याला जन्मापासून एकाच नावाने हाक मारली त्याचं तेच नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं आणि व्हिसावर तो बिननावाचा होतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मधे पासपोर्टवर एकच नाव असलेल्या भारतीयांना टुरिस्ट आणि व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला, नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. म्हणजे एकनामी माणसाची अडचण शेवटी सुटली ती बापाच्या नावानेच.