पडद्यावरचा हरवलेला अनुस्वार

सातवीच्या वर्गात विज्ञानाचं पान पडद्यावर दाखवत होतो. मागच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत पाहिलं तर ‘रंग’ या शब्दाचा ‘रग’ झालेला. चूक तिची नव्हती. मी मागे जाऊन तिच्या शेजारी बसलो, तेव्हा मलाही अनुस्वार दिसेना.

डॉक्युमेंट कॅमेरा, म्हणजे टेबलावरच्या पुस्तकाकडे वरून पाहणारा कॅमेरा, बहुतेकदा १९२० × १०८० ठिपक्यांचं चित्र पाठवतो. पूर्ण पान दाखवायचं म्हटलं तर साधारण ३० सें.मी. उंचीचं पान १०८० ठिपक्यांत बसवावं लागतं, म्हणजे एका सेंटिमीटरला ३६ ठिपके. छापील अनुस्वार जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, त्याच्या वाट्याला दोन ठिपकेसुद्धा येत नाहीत. रफार आणि उकाराचंही हेच होतं. इंग्रजी अक्षरं अशा वेळी कशीबशी तरतात. आपल्या लिपीत मात्र अर्थ ठरवणाऱ्या खुणा अक्षराच्या वर-खाली आणि बारीक असतात, म्हणून आधी त्याच जातात.

यावर उपाय म्हणजे अख्खं पान दाखवायचा हट्ट सोडणं. पानाची २१ सें.मी. रुंदी पडद्याच्या रुंदीत भरली, की सेंटिमीटरला ९१ ठिपके मिळतात आणि अनुस्वार चार-साडेचार ठिपक्यांचा होतो. तेव्हा एका वेळी पानाचा सुमारे १२ सें.मी. उंचीचा पट्टा दिसतो. तो शिकवून झाला की पुस्तक वर सरकवायचं. शाळेतला प्रोजेक्टर जुना, १०२४ × ७६८ चा असेल तर एवढं करूनही अनुस्वार अडीच ठिपक्यांचाच राहतो. तिथे अर्ध्या रुंदीपर्यंत जवळ जावं. त्यासाठी शक्यतो कॅमेऱ्याची मान खाली आणावी. डिजिटल झूम पुष्कळदा आहे तेच ठिपके ताणून दाखवतो.

आता उजेड. गुळगुळीत कागदावर पांढरा चट्टा पडतो, तो दिव्याचं प्रतिबिंब असतो. नेमकं कुठून येतंय हे शोधायला पानावर छोटा सपाट आरसा ठेवा आणि तो सावकाश फिरवत पडद्याकडे पाहा. आरशात ट्यूब किंवा खिडकी दिसली की चोर सापडला. कॅमेरा पानाच्या मध्यावर ४० सें.मी. उंच असेल तर २१ सें.मी. रुंदीच्या पानाच्या कडेवरून परावर्तन उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंशांवर जातं. म्हणजे पान सपाट असेल तर कॅमेऱ्याला चिकटून असलेला दिवा त्रास देतो, बाजूला सरकवलेला देत नाही.

पण उघडलेलं पुस्तक सपाट कुठे असतं? शिवणीजवळ पान कमानीसारखं वळतं. तिथला उतार २० अंशांचा असेल तर परावर्तित किरण दुप्पट, म्हणजे ४० अंश वळतो आणि बाजूला ठेवलेला दिवा थेट कॅमेऱ्यात शिरतो. मी बरेच दिवस दिवा डावीकडे ठेवायचो आणि शिवणीजवळच्या चट्ट्यासाठी कागदाला दोष द्यायचो. पानाचा उतार शिवणीच्या डाव्या-उजव्या बाजूंना असतो, वर-खाली नसतो. म्हणून दिवा शिवणीच्या रेषेतच, पुस्तकाच्या माथ्याकडे अर्धा-पाऊण मीटर दूर आणि कॅमेऱ्यापेक्षा खाली ठेवायचा. चट्टा जातो, खाचेत सावली पडत नाही आणि बोट ठेवलं तरी त्याची सावली आपल्याकडे येते, वाचायच्या ओळीवर पडत नाही.

फोकसचं दुखणं वेगळं आहे. ऑटोफोकस साधारणपणे कडा शोधतो, काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक. कोऱ्या समासावर त्याला काही सापडत नाही, म्हणून कॅमेऱ्याखाली भरगच्च ओळी आणून फोकस करा. मग तो कुलूपबंद करा. तसं केलं नाही तर प्रत्येक वेळी पेन्सिल पुढे नेली की कॅमेरा हाताकडे धावतो, हात काढला की पुन्हा पानाकडे, आणि मुलं दोन-तीन सेकंद धूसर पडद्याकडे पाहत राहतात. स्टँडवर मोबाईल लावला असेल तर आयफोनमध्ये ओळीवर बोट दाबून धरलं की `AE/AF LOCK` दिसतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही असं दाबून धरल्यावर कुलपाची खूण येते. पुस्तक जाड असेल आणि धड्यांमागून धडे उलटत गेलात तर पानाची उंची बदलते, तेव्हा फोकस पुन्हा करावा लागतो.

एवढं करूनही चित्रात आडवे काळे पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याची सेटिंग पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेरा `60 Hz` वर असेल तर त्याची चाल या उजेडाशी जुळत नाही. `50 Hz` निवडलं की पट्टे थांबतात. शेवटी फळ्याजवळची ट्यूब बंद करा, बाकांवरची चालू राहू द्या. पडदा उजळ दिसतो आणि मुलांना वहीतही दिसतं.