जास्त मुदतीला कमी व्याज का?

"मुदत वाढली की व्याज वाढलंच पाहिजे. लांबच्या ठेवीला कमी व्याज देणारी बँक डबघाईला आली समजा, पैसे काढून घ्या."

तसं नाही. अडचणीतली बँक उलट पैसा ओढायला व्याज वाढवते. पुढे दर उतरतील असा बाजाराचा अंदाज असला की लांबचा दर खाली येतो.

समजा जळगावच्या एका केळी बागायतदाराकडे घड विकून एक लाख आलेत. एका वर्षाला ७ टक्के मिळतात, दोन वर्षांना ६.५. वर्षाची ठेव केली तर १,०७,००० होतील. दोन वर्षांची केली तर, वर्षाला एकदा व्याज धरून, सुमारे १,१३,४२३. दोन्ही वाटा सारख्या पडायच्या तर दुसऱ्या वर्षी १,०७,००० वर ६,४२३ मिळायला हवेत, म्हणजे ६ टक्के. आजच्या दरांत पुढच्या वर्षाचा हा अंदाज दडलेला असतो. पुढचा दर याहून जास्त राहील असं वाटत असेल, तर एकेक वर्षाची ठेव बरी.

पडताळायचं असेल तर सरकार वर्षभरासाठी पैसे उसने घेतं त्या ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा आणि १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा शेजारी ठेवून बघा. तिथेही लांबचा दर खाली असेल, तर कारण त्या एका बँकेत नाही.

मात्र हे भाकीत चुकू शकतं. शिवाय पैसा लांब अडकवण्याची जोखीम म्हणून लांबच्या दरात एरवी थोडी भर असते, त्यामुळे लांबचा दर जास्त दिसला म्हणजे पुढे व्याज वाढणारच, असंही धरू नये.